मायलेज पडलं, इंजिन लाइट लागला: ऑक्सिजन सेन्सर बदलायचा की कन्व्हर्टर?

पेट्रोल गाडीत या दोन दुखण्यांची गल्लत फार होते, आणि एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा त्यातला महागडा भाग. म्हणून आधी मायलेजकडे बघा.

पुढचा ऑक्सिजन सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी बसतो आणि त्याच्या सांगण्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. साध्या प्रकारच्या सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनावर 0.1 ते 0.9 मध्ये सतत खालीवर व्हायला हवा. (वाइडबँड सेन्सरला हे आकडे लागू नाहीत.) सेन्सर जुना होऊन 0.2 च्या आसपास अडकला, की ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो ते वाढवत राहतो.

समजा, 18 चं मायलेज 15 वर आलं. म्हणजे 100 किलोमीटरला साडेपाचऐवजी पावणेसात लिटरच्या जवळपास, सुमारे 20 टक्के जास्त पेट्रोल. स्कॅनरवर LTFT, म्हणजे ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवून ठेवलंय तो आकडा, पण +20 च्या आसपास असेल आणि कोड P0171 असेल, तर हिशेब जुळला. हा कोड मिश्रण पातळ असल्याचं सांगतो, पण प्लग काळे आणि धुराला पेट्रोलचा वास असेल तर सेन्सर चुकीचं सांगतोय. खरोखरच कुठून हवा ओढली जात असेल, तर मिश्रण जाड होत नाही आणि प्लगही काळे पडत नाहीत. खात्रीसाठी ॲक्सिलरेटर झटकन दाबून बघा: चांगला सेन्सर लगेच 0.8 च्या वर उडी मारतो.

कन्व्हर्टरचं तसं नाही. त्याची शुद्धीकरणाची ताकद संपली की P0420 येतो. निरोगी गाडीत मागच्या सेन्सरचा व्होल्टेज 0.6-0.7 ला बऱ्यापैकी स्थिर असतो, इथे मात्र तो पुढच्याची नक्कल करत नाचायला लागतो. पण मायलेज बहुधा जागच्या जागी राहतं. नुसता P0420 असेल आणि LTFT शून्याच्या आसपास असेल, तर आधी मागच्या सेन्सरच्या आसपास एक्झॉस्ट गळतोय का तेवढं तपासा.

कन्व्हर्टरमुळे मायलेज पडतं ते तो आतून वितळून तुंबला तरच. पण तेव्हा गाडी वरच्या आरपीएमला गुदमरते, चढावर दम टाकते. सेन्सरच्या बिघाडात ओढ एवढी जात नाही.

दोन्ही बिघडलेले दिसले तर आधी सेन्सरच बदला. जाड मिश्रणाचं न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला तापवतं, त्यामुळे खराब सेन्सरसोबत बसवलेला नवा कन्व्हर्टरही जाईल. लाइट लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय; तेव्हा शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा. सेन्सर बदलल्यावर कोड पुसून काही दिवस नेहमीसारखी चालवा. LTFT शून्याकडे आला, मायलेज परत आलं आणि तरी P0420 पुन्हा उगवला, तर मग कन्व्हर्टरचा खर्च करायला हरकत नाही.