कोटेशनवर टिक मारत काढलेले पाच महिने

पुण्यातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं काम काढलं, तेव्हा कंत्राटदाराच्या कोटेशनवरून मी मालाची यादी एका लाँगबुकात उतरवून घेतली. माल आला की टिक, इतकंच. पाच महिन्यांनंतर सांगतो, यादी उपयोगी पडली, पण पहिल्या महिन्यात मी ती चुकीची वापरत होतो.

कोटेशनमध्ये फरशी होती '४८० चौरस फूट, दोन बाय दोन'. टेम्पोतून ३० खोकी उतरली. एका खोक्यात चार टाइल्स, म्हणजे १६ चौरस फूट, गुणिले ३०, बरोबर ४८०. मी टिक मारली आणि चलनावर सहीही केली. मग लादीवाल्याने खोक्यावर बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं ६०० बाय ६०० मिलिमीटर, १.४४ चौरस मीटर. म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. बाजारात जिला दोन फुटी म्हणतात ती टाइल खरी दोन फूट नसतेच! तीस खोक्यांत ४६५ भरले, पंधरा कमी. एक खोकं मागाहून मागवलं तर ते दुसऱ्या बॅचचं आलं, शेडमध्ये थोडा फरक. शेवटी त्या टाइल्स पलंगाखाली लावल्या.

त्या दिवशी यादीत दोन रकाने वाढवले: 'टेम्पोतून काय उतरलं' (खोकी, गोण्या, शीट, कॉइल, जे असेल ते) आणि 'मालावर काय छापलंय'. टिक या दोन्हींनंतर, आणि सही टिकेनंतर. ड्रायव्हर घाई करतो, त्याला चहा द्यावा.

दुसऱ्या रकान्याची किंमत प्लायवूडने वसूल केली. किचनसाठी १८ मिलिमीटरच्या १४ शीट ठरल्या होत्या, आयएस ७१० शिक्क्याच्या, म्हणजे मरीन. आल्या चौदाच, जाडीही ठीक. पण दोन शीटवर शिक्का आयएस ३०३ चा, म्हणजे साध्या वापराच्या प्लायचा. सिंकखाली ते नको होतं. सनमायका चिकटल्यावर शिक्का कुणाला दिसणार? सुताराने कापायच्या आधी सापडलं म्हणून त्या बदलून मिळाल्या.

यादी हरते ती वाळूपाशी. कोटेशनमध्ये अर्धा ब्रास, म्हणजे ५० घनफूट, आणि चौथ्या मजल्यावर येतात गोण्या. कोणती गोणी किती भरलीय, काय कळणार? एक गोणी घमेल्याने मोजून पाहिली, पुढच्या अंदाजाने धरल्या. तिथे टिक मारली नाही, 'अंदाजे' लिहिलं.

वायरच्या कॉइल उघडून वापरायला लागल्यावरही यादी गप्प बसते. नव्वद मीटरपैकी भिंतीत किती गेली, हे ती सांगत नाही. त्यासाठी उरलेल्या मालाचा वेगळा कागद लागतो, आणि तो मी बाथरूमचं काम सुरू होईपर्यंत केला नव्हता.