चहातली गोडी: स्टीव्हिया, मंक फ्रूट आणि आपला गूळ

सहा वर्षांपूर्वी शुगरचा रिपोर्ट हातात आला. गोड खाणं मी महिन्याभरात सोडलं, पण गोड चहा सुटला नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते सगळं चहाच्या कपातून पाहिलेलं आहे. मी डॉक्टर नाही.

गूळ, मध, काकवी, नारळाची साखर, खजुराचं सिरप ही मंडळी आधीच बाजूला काढतो. ‘नैसर्गिक’ म्हणून घरोघरी यांची शिफारस होते, पण गुळाचा आणि नारळाच्या साखरेचा मोठा भाग साखरच असतो, आणि मधातलं ग्लुकोज तर थेट रक्तात जातं. चवीपुरतं कधीतरी घ्या, पण साखरेला पर्याय म्हणून नको.

राहिले दोन खरे उमेदवार. स्टीव्हिया, म्हणजे पॅराग्वेकडची गोड पानं, आणि मंक फ्रूट, म्हणजे दक्षिण चीनमधलं एक फळ. दोन्हींचा अर्क साखरेच्या शंभर-दोनशे पट किंवा त्याहून जास्त गोड असतो आणि दोन्ही रक्तातली साखर वाढवत नाहीत. स्टीव्हियाच्या शुद्ध अर्काला भारतात 2015 पासून परवानगी आहे. कुंडीतली पानं चहात उकळूनही पाहिली, पण त्यात गोडीपेक्षा पाल्याचा वास जास्त येतो. शिवाय सुरक्षिततेची परीक्षा झाली आहे ती शुद्ध अर्काची, पाल्याची नव्हे.

चवीत पहिला नंबर मंक फ्रूटचा, हे कबूल करतो. कडवटपणा जवळजवळ नाहीच. पण मी आणलेल्या डब्यावर मागे बारीक अक्षरात पाहिलं तर पहिलं नाव होतं एरिथ्रिटॉल, आणि मंक फ्रूट शेवटी, चिमूटभर. एरिथ्रिटॉल म्हणजे साखरेसारखीच दिसणारी एक गोड भुकटी. ती शुगर वाढवत नाही, पण विरघळताना जिभेला गार लागते. वाफाळता चहा ओठाला लावावा आणि तोंडात पेपरमिंटसारखा गारवा पसरावा! आठवडाभर सहन केलं. मग एका रविवारी त्याच डब्यातून गोड केलेलं श्रीखंड दोन वाट्या खाल्लं आणि संध्याकाळभर पोट गुडगुडत राहिलं. रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणं आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा एक अभ्यास 2023 मध्ये आला. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण माझं मन उडालं ते मुळात त्या गारव्यानं.

स्टीव्हियाचा दोष सगळ्यांना माहीत आहे: घोट गेल्यावर जिभेच्या मागे ज्येष्ठमधासारखं काहीतरी रेंगाळतं. मी पहिल्यांदा कपात चार थेंब टाकले होते आणि बाटली फेकणार होतो. बायको म्हणाली, “अहो, साखरेसारखं गोड कशाला करताय? निम्मं टाकून बघा.” दोन थेंबांत कडवटपणा जवळजवळ गेला. चहा फिका लागायचा, पण तीन आठवड्यांत जीभ त्याला सरावली. आता लग्नाघरचा चहा मलाच पाकासारखा लागतो.

पुडीऐवजी थेंब का, तेही सांगतो. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम साखरेच्या गोडीला अर्क लागतो जेमतेम 25 मिलिग्रॅम. एक ग्रॅमच्या पुडीत बाकी सगळी भर असते: लॅक्टोज, डेक्स्ट्रोज, नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन. चहाला एखाद्या पुडीनं बिघडत नाही. पण ‘साखरेइतकेच चमचे घाला’ असं सांगणाऱ्या डब्यात माल्टोडेक्स्ट्रिन पहिलं असेल, तर तो डबा खिरीत ओतू नका, ते ग्लुकोजसारखंच चढतं. अशाच एका डब्याच्या खिरीनंतर दोन तासांनी माझं मीटर 236 दाखवत होतं. अर्थात ताटात पुऱ्याही होत्या, म्हणून सगळा दोष त्या डब्यावर टाकत नाही. ‘शुगर फ्री’ चॉकलेटात माल्टिटॉल दिसलं तरी हात आखडता घ्या. ते साखरेपेक्षा कमी चढतं, पण चढतं.

थेंबांची एक मर्यादा मात्र आहे. त्यांचा पाक होत नाही, रंग चढत नाही, म्हणून लाडू-वड्या विसरा.

एक प्रसंग सांगायलाच हवा. गेल्या वर्षी जेवण लांबलं, गोळी आधीच घेतली होती, हात थरथरायला लागले, घाम फुटला. बायकोनं घाईत नेहमीचा चहा पुढे केला, थेंबवाला! त्यानं शुगर पटकन वर आली नसती. सुदैवानं लक्षात आलं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायलो, पंधरा मिनिटांनी मीटर लावलं, मग जेवलो. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घरातून साखर हद्दपार करू नका. आमच्याकडे थेंबांच्या बाटलीशेजारीच तिची छोटी बरणी असते, झाकणावर लाल चिकटपट्टी लावलेली.