बेबी लोशन आणि रॅश क्रीम: काही महिने वापरल्यावरचा अनुभव

लेक ऐन पावसाळ्यात झाली, दुपटी-लंगोट वाळता वाळेनात म्हणून दिवसासुद्धा डायपर आणि मग व्हायचं तेच झालं, रॅश. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, फॉर्म्युले बदलत राहतात, मागचं लेबल वाचता आलं की झालं.

लोशन बिनवासाचं घेतलंय, ग्लिसरीन आणि पेट्रोलेटमवालं. अंघोळीनंतर अंग टिपून जरा ओलसर असतानाच लावते, कोरडेपणा बराच कमी झाला. पण एक गोम आहे, पुढे 'अनसेंटेड' लिहिलेलं असलं तरी मागे 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफम' असू शकतं, कारण मूळ वास दाबायला पण सुगंध घालतात. 'नॅचरल'वाल्यांत लव्हेंडर, संत्र्याचं तेल असतं, नाजूक कातडीला तेही झोंबू शकतं. दुसरं बघायचं ते मिथाइलआयसोथायझोलिनोन, हे प्रिझर्व्हेटिव्ह, याची अ‍ॅलर्जी इतकी वाढली की युरोपात अंगावर तशाच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये 2017 पासून बंदच आहे. सासूबाईंचं म्हणणं, वासच नाही मग लावल्यासारखं वाटतं कसं!

रॅश क्रीममध्ये झिंक ऑक्साइड हवं. रोजला कमी टक्क्याचं चालतं, लाली दिसली की मी 40 टक्केवालं लावते. चोळून जिरवायचं नाही, जाड थर द्यायचा, शू-शीचा ओलावा कातडीपर्यंत पोचू नये म्हणून. पुढच्या वेळी मळलेला वरचा थर तेवढा पुसायचा, खालचं पांढरं खरवडत बसायचं नाही, त्यानेच जास्त सोलवटतं. वरून पावडर अजिबात नको, टाल्क नाकातोंडात जातं.

मध्ये अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पाठोपाठ पातळ शी, आणि यावेळची रॅश वेगळीच. नेहमीची फुगीर भागावर असते, जांघेच्या घड्या कोऱ्या राहतात, ही मात्र घड्यांतच लालभडक आणि कडेने बारीक बारीक पुटकुळ्या. दोन-तीन दिवस झिंक लावून ढिम्म फरक नाही. मेडिकलवाल्याने एक ट्यूब पुढे केली, "लगेच जाते बघा". मागे वाचलं तर क्लोबेटासोल, म्हणजे तगडं स्टेरॉइड, सोबत अँटिबायोटिक आणि अँटिफंगल, सगळं एकत्र. तिथेच ठेवली. डायपरखाली झाकलेल्या जागी स्टेरॉइड जास्त शोषलं जातं, कातडी पातळ होते. डॉक्टर म्हणाले फंगल आहे, नुसतं क्लोट्रिमाझोल द्या, त्यावर झिंक. हळूहळू उतरली. बोरिक अ‍ॅसिड असलेलं काही घरात जुनं पडलं असेल तर तेही बाळाला नको, सोललेल्या कातडीतून रक्तात जातं.

फोड, पू किंवा ताप असेल तर मात्र घरी प्रयोग न करता सरळ दवाखाना.

40 टक्केवाल्याची तक्रार एकच, बोटांना चिकटतं ते साबणाने पण पटकन जात नाही आणि कापडी लंगोटाला लागलं की तो पाणी शोषेनासा होतो, म्हणून आत मलमलचा तुकडा घालते.