ड्रॉबॅकच्या नावाखाली माझे ३८,३०० रुपये कसे गेले

हे लिहिताना राग येतो आणि लाजही वाटते, कारण आठ वर्षे निर्यात करूनही मी ज्या कागदावर सही केली, तो नीट वाचला नव्हता. त्या खेपेची एफओबी किंमत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत, १८,४०,००० रुपये होती. माझ्या मालाला तेव्हा १.५ टक्के ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीनंतर सरकारकडून मिळणारा शुल्काचा परतावा, लागू होता आणि प्रतिनग कमाल मर्यादा आड येत नव्हती, म्हणजे २७,६०० रुपये मला मिळायला हवे होते. नेहमीचा सीएचए, म्हणजे कस्टमचे काम करून देणारा परवानाधारक दलाल, गावी गेल्यामुळे ओळखीतून आलेल्या एका एजंटाकडे मी काम सोपवले.

शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडे द्यायचे निर्यातीचे घोषणापत्र, भरण्याआधी त्याने त्याचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, पाठवली. योजनेच्या रकान्यात १९ ऐवजी ०० होते आणि ड्रॉबॅकची रक्कम शून्य होती. १९ म्हणजे ड्रॉबॅक आणि ०० म्हणजे कोणताही लाभ न मागणारे साधे बिल, हे मला ठाऊक होते. मी विचारलेही, तो म्हणाला, "साहेब, दावा नंतर वेगळा लावायचा असतो." कंटेनर बंदरावर उभा होता, भाडे चढत होते, म्हणून मी सही केली. तो क्षण आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. ठरावीक दराच्या ड्रॉबॅकमध्ये शिपिंग बिल हाच दावा असतो. वेगळा अर्ज लागत नाही आणि त्यासाठी शुल्कही नसते.

त्याने मात्र 'फाइल उघडण्याचे' ४,५०० आणि 'स्क्रोल काढण्याचे' ६,२०० रुपये घेतले. माल गेल्यावर जहाज कंपनीने ईजीएम, म्हणजे जहाजावर चढलेल्या मालाची यादी, भरला, की बिल ड्रॉबॅकच्या रांगेत येते, मंजुरीनंतर स्क्रोल, म्हणजे पैसे द्यायची यादी, निघतो आणि पैसे नोंदवलेल्या खात्यात जमा होतात. माझे बिल त्या रांगेत कधी आलेच नव्हते. आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर बिलाचा क्रमांक स्वतः टाकून पाहिला असता, तर पहिल्याच आठवड्यात हे कळले असते.

मदतकक्षाने कस्टम हाउसकडे पाठवले, तिथे "तुमच्या सीएचएला विचारा" असे सांगितले, आणि ज्याच्या परवान्यावर बिल भरले गेले, त्याने हा माणूस आपला नाहीच म्हणून हात झटकले. परवाना एकाचा आणि काम दुसऱ्याचे, हे चालते कसे, याचे उत्तर कोणीच देत नाही. पोलीस म्हणाले, हा व्यवहारातला वाद आहे. चार महिने मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलो. परवानाधारकाचे नाव आणि एजंटाचे ओळखपत्र आधीच जुळवून घ्या. रोख पैसे तर देऊच नका.

आता सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली बिल बदलून मिळावे म्हणून अर्ज केला आहे. त्यासाठी निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेला पुरावा लागतो. माझ्याकडे एजंटाला पाठवलेला, ड्रॉबॅक मागणारा ईमेल आहे. आणि त्यांच्याकडे माझ्या सहीची ती ०० असलेली चेकलिस्ट आहे.