अनामत स्टायपेंडमधून का कापत नाहीत?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिपचे क्रेडिट असतात, आणि कॉलेजमार्फत येणाऱ्या जागा सगळ्यांना पुरत नाहीत. परीक्षा जवळ आली की पुण्यातल्या हॉस्टेलांवर रात्री जेवताना हाच विषय असतो: कुणाला मिळाली, कुणाची राहिली. फसवणाऱ्यांना हे वेळापत्रक आपल्याइतकंच पाठ असतं. मला आणि माझ्या रूममेटला ऑफर आली ती नेमकी याच दिवसांत.

आधी व्हॉट्सअॅपवर फॉर्मची लिंक आली, मग टेलिग्रामवर ‘इंटरव्ह्यू’ झाला. इंटरव्ह्यू म्हणजे नुसते टाइप केलेले प्रश्न: पायथॉनमध्ये लिस्ट आणि टपलमध्ये फरक काय, डेटाबेसमध्ये प्रायमरी की म्हणजे काय. कॅमेरा नाही, आवाज नाही. त्याच संध्याकाळी ऑफर लेटर आलं. कंपनी नावाजलेली, काम घरून, दोन महिने, महिन्याला 15,000 रुपये स्टायपेंड. पत्रावर लोगो, गोल शिक्का, सही आणि तळाशी कंपनीचा नोंदणी क्रमांकसुद्धा होता. शेवटच्या पानावर एक ओळ होती: कंपनीचा लॅपटॉप कुरिअरने पाठवण्यासाठी परत मिळणारी अनामत 4,500 रुपये, अधिक 18 टक्के जीएसटी 810, एकूण 5,310. अनामत पहिल्या स्टायपेंडबरोबर परत. सोबत क्यूआर कोड.

रूममेटने पैसे भरले. मी रात्री घरी सांगायला फोन केला, तेव्हा आतेबहीण आमच्याकडे आली होती. ताई इचलकरंजीत एका सूतगिरणीत अकाउंट्सला आहे, तिथली पगारपत्रकं तीच करते. तिने अभिनंदन केलं आणि सहज विचारलं, “अनामत पहिल्या स्टायपेंडबरोबर परतच देणार आहेत, तर मग त्यातूनच का कापत नाहीत?”

मला उत्तर सुचलं नाही. ताई म्हणाली, “आमच्याकडे उचल असो, कँटीन असो, गणवेश असो, सगळं पगारातून कपात होतं. ज्याला आपण पैसे देणार आहोत, त्याच्याकडून आधी पैसे मागवून घ्यायचे कशाला? विचार त्यांना.” मग तिने पत्र पाठवायला सांगितलं आणि दोन मिनिटांत पुन्हा फोन केला. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही, कारण ती कशाचीही किंमत नसते. ती रक्कम कंपनीने एखाद्या बिलापोटी वळती करून घेतली, तरच कराचा प्रश्न येतो. खऱ्या कंपनीच्या अकाउंटंटने ही ओळ लिहिलीच नसती, असं ती ठामपणे म्हणाली.

मी टेलिग्रामवर त्या ‘एचआर’ला ताईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. उत्तर आलं की अनामत जमा झाल्याशिवाय पेरोल आयडी तयार होत नाही, कंपनीची पॉलिसी आहे. मी लिहिलं, मग लॅपटॉप नको, माझा स्वतःचा आहे. यावर क्षणात सूर बदलला. उद्या दुपारी बारापर्यंत पैसे आले नाहीत तर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल, अशी ताकीद आली. मी गप्प राहिले, तर थोड्या वेळाने तोच माणूस म्हणाला, “ठीक आहे, आता निम्मे भरा, बाकीचे नंतर.” अर्ध्या तासापूर्वी जी पॉलिसी होती ती निम्म्यावर आली, आणि लॅपटॉप नको म्हटल्यावरही त्याची अनामत मात्र हवीच होती.

आता तपासायचं कसं, हे नीट सांगते, कारण इथेच बरेच जण चुकीच्या गोष्टीवर विश्वास टाकतात. पत्रावरचा नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन, हा 21 अक्षर-अंकांचा असतो. त्यात राज्याची दोन अक्षरं आणि कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष असतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती पाहता येते. मी पाहिली, तर क्रमांक अगदी खरा निघाला. नाव बरोबर, वर्ष बरोबर, कंपनी चालू स्थितीत. रूममेटनेही हेच पाहून पैसे भरले होते. पण कंपनी खरी आहे एवढंच त्यातून कळतं. पत्र त्याच कंपनीने पाठवलंय, हे त्यातून अजिबात कळत नाही. खऱ्या कंपनीचा क्रमांक कुणीही उचलून पत्रावर छापू शकतो.

फरक सापडला तो ईमेलमध्ये. पत्र ज्या पत्त्यावरून आलं होतं त्यात @ च्या पुढे कंपनीचं नाव होतं, पण त्याला जोडून -careers असं शेपूट होतं. खऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर असं शेपूट कुठेच नव्हतं. डोमेन कधी नोंदवलं गेलं हे whois शोधात फुकट दिसतं. कंपनी कित्येक वर्षं जुनी आणि हे डोमेन त्याच महिन्यातलं होतं. सकाळी मी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन केला, पत्रावरच्या नाही. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की आम्ही इंटर्न कॉलेजांमार्फतच घेतो, आणि असे फोन आम्हाला रोज येताहेत.

राहिला क्यूआर. तो स्कॅन केल्यावर रक्कम टाकण्याआधीच समोरच्या खात्याचं नाव दिसतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. रूममेटने विचारलं होतं, तेव्हा ‘हे आमच्या फायनान्स मॅनेजरचं खातं आहे’ असं तिला सांगण्यात आलं होतं. कंपनीचे पैसे कधीच कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेत नाहीत. अशी खाती बहुतेक वेळा भाड्याने घेतलेली असतात, आणि पैसे आल्या आल्या पुढच्या खात्यात सरकतात. म्हणूनच तक्रारीला उशीर केला की बँकेला गोठवायला काही उरत नाही.

रूममेटकडे तोवर आणखी 2,200 रुपयांची मागणी आली होती, लॅपटॉपच्या विम्याचे म्हणून. ते तिने भरले नाहीत. आम्ही लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लावला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. तिथे यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक लागतो, तो अॅपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात असतो. तिच्या 5,310 पैकी काही रक्कम समोरच्या खात्यात अडकवून ठेवल्याचं बँकेकडून कळलं. ती परत मिळायला आणखी प्रक्रिया आहे आणि पूर्ण मिळेल असं कुणी सांगितलेलं नाही. घरी काय सांगायचं या काळजीने ती दोन रात्री झोपली नाही, हे मी शेजारच्या कॉटवरून पाहिलंय. म्हणूनच हे सगळं इतकं तपशिलात लिहिलंय.

पैशांइतकीच मोठी गोष्ट म्हणजे कागद. तिने फॉर्मसोबत आधार, पॅन आणि सहीचा फोटो दिला होता. एवढ्यावर कुणी तिच्या नावाने कर्ज काढायचा प्रयत्न करू शकतं. आधारचं बायोमेट्रिक यूआयडीएआयच्या साइटवरून लॉक करता येतं, ते तिने केलं. क्रेडिट रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो ती आता काही महिने आळीपाळीने वेगवेगळ्या कंपन्यांकडून काढून पाहणार आहे.

तुमच्यापैकी कुणी असे पैसे भरले असतील, तर रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका आणि त्या नंबरला लगेच ब्लॉकही करू नका. आधी सगळ्या संभाषणाचे, क्यूआरचे आणि ईमेलच्या पूर्ण पत्त्याचे स्क्रीनशॉट घ्या, 1930 लावा, मग कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसला पत्राची प्रत द्या. आमच्या सरांनी ती प्रत नोटीस बोर्डवर लावल्यावर दुसऱ्या वर्गातली आणखी मुलं तेच पत्र घेऊन पुढे आली. त्यातल्या काहींनी अजून पैसे भरले नव्हते.