वनहक्क दाव्यांचे इतिवृत्त: तक्ता भरावा की कारणे लिहावीत?

गोव्यातल्या काणकोण, सांगे, धारबांदोडा, सत्तरी या भागांत वनहक्क दाव्यांच्या बैठका होतात. त्यांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले असेल तर पहिलाच प्रश्न पडतो तो नमुन्याचा. एक पद्धत तक्त्याची आहे: दावा क्रमांक, दावेदाराचे नाव, निर्णय, शेरा, आणि झाले. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक दाव्यावर आक्षेप काय आला, पुरावा काय होता, समितीने काय ठरवले आणि पुढे कोण काय करणार, हे सलग लिहायचे. दोन्ही प्रकारांत एकच दावा कसा दिसतो, ते आधी पाहू.

उदाहरणादाखल गावडोंगरी-खोतीगावच्या बाजूचे एक वेळीप कुटुंब घेऊ. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेआधीचे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. या कुटुंबाचा दावा ०.८० हेक्टरचा आहे. वरच्या उतारावर काजू, खाली बांध घातलेला शेताचा तुकडा. गावच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन पंचनामा केला, ग्रामसभेने शिफारस केली. पंचनाम्यावर वन खात्याची सही नाही, कारण त्या दिवशी कोणी आलेच नव्हते. उपविभागीय समितीच्या बैठकीत मात्र वन खात्याने आक्षेप घेतला की आमच्या अनुपस्थितीतली पडताळणी आम्हाला मान्य नाही, आणि उपग्रह छायाचित्रात तिथे सलग झाडीच दिसते.

तक्त्याच्या पद्धतीत याची नोंद अशी होते:

> दावा क्र. ७. उपग्रह छायाचित्रात लागवड दिसत नाही. अमान्य. कार्यवाही: संबंधितांना कळवावे.

कारणांसह लिहिणारा अशी नोंद करील:

> दावा क्र. ७, ०.८० हेक्टर, काजू व शेत. पुरावा: स्थळ पंचनामा, बांधाचे मोजमाप, दावेदाराच्या कुटुंबाबाहेरील दोन वृद्धांचे लेखी जबाब. वन खात्याचा आक्षेप: पडताळणीवेळी प्रतिनिधी हजर नव्हता, छायाचित्रात झाडी दिसते. पडताळणीची सूचना खात्यास मिळाल्याची पोच फाईलमध्ये आहे. समितीचे मत: काजूची बाग छायाचित्रात झाडीसारखीच दिसते, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. निर्णय: नियम १२अ प्रमाणे फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत. फेरपडताळणी २७ जानेवारी. हजर राहण्याची जबाबदारी: परिक्षेत्र वन अधिकारी. लेखी सूचना: वनहक्क समितीचे सचिव, १३ जानेवारीपर्यंत, पोच घेऊन. दावेदारास समक्ष कळवणे: पंचायत सचिव, १३ जानेवारीपर्यंत. आढावा: ३ मार्चची बैठक.

दोन्ही नोंदी एकाच चर्चेच्या, पण निर्णय मात्र वेगळा झाला. हे नुसत्या लांबीमुळे होत नाही. कारण लिहायला बसले की चूक समोर येते. पहिल्या नोंदीतला ‘अमान्य’ हा शब्दच तिथे बसत नाही, कारण अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समितीचा असतो. उपविभागीय समिती फक्त शिफारस करते. शिवाय २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे, वन किंवा महसूल खात्याचा आक्षेप आपला माणूस पडताळणीला नव्हता असा असेल, तर दावा ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. सूचना मिळूनही खाते दुसऱ्यांदा गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. म्हणून सूचनेची पोच हा त्या नोंदीतला सर्वांत मोलाचा कागद आहे, आणि तक्त्यात त्याला रकानाच नाही.

उपग्रह छायाचित्राचेही तसेच. नियमानुसार ते इतर पुराव्याला जोड म्हणून वापरता येते, त्याच्या जागी नाही. गोव्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के किंवा त्याहून अधिक वृक्षछत्र असले की ते वनाच्छादनात मोजले जाते, मग ती बागायत का असेना. म्हणजे नकाशावर हिरवे दिसते एवढ्यावरून तिथे कोणी कसत नव्हते असे म्हणता येत नाही. जमिनीवरचा बांध, सपाट केलेली कुणगी, घराचे जोते या खुणा नियम १३ मध्ये पुरावा म्हणून मान्य आहेत, आणि अशा एकाहून अधिक पुराव्यांचा विचार समितीने करायचा असतो. त्यातले काय पाहिले आणि काय नाही, हे तक्त्यावरून कधीच कळत नाही.

आता तारखांकडे येऊ. माझ्या मते निवड इथेच ठरते. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला कायदा निर्णयाच्या दिवसापासून ६० दिवस देतो. नियमांत आणखी ३० दिवसांची सवलत आहे, पण ती समितीच्या मर्जीवर. ‘संबंधितांना कळवावे’ असे लिहिले आणि कागद पंचेचाळिसाव्या दिवशी वाड्यावर पोचला, तर दावेदाराच्या हातात पंधरा दिवस उरतात. निर्णय समक्ष कळवायचा असे नियम सांगतो. म्हणून निर्णयाची तारीख आणि हातात दिल्याची तारीख, दोन्ही इतिवृत्तात हव्यात. दुसरी पुढच्या बैठकीत भरली तरी चालेल. दावेदाराला कारण कोंकणीत वाचून दाखवले का, हेही एका ओळीत नोंदवा. मराठी किंवा इंग्रजी कागदावर सही घेतली म्हणजे त्याला समजले असे होत नाही.

जबाबदारीच्या रकान्यात ‘वन खाते’ किंवा ‘पंचायत’ लिहू नका. खात्याला कोणी विचारू शकत नाही, पदावरच्या माणसाला विचारता येते. बदल्या होतात, म्हणून नुसते नाव पुरत नाही. पद लिहा आणि त्या दिवशी पदावर असलेल्याची सही घ्या.

एवढे असूनही तक्ता टाकाऊ नाही. एका बैठकीत तीस दावे असतील आणि त्यांतल्या बऱ्याच दाव्यांवर आक्षेपच नसेल, तर त्यांच्यासाठी अर्धे पान लिहिण्यात वेळ घालवू नये. मंजुरीची शिफारस झालेले, दुबार आलेले, दावेदाराने लेखी मागे घेतलेले दावे तक्त्यात व्यवस्थित मावतात. तारखा एका नजरेत पाहायलाही तक्ताच सोयीचा.

त्यामुळे निवडताना दाव्याकडे पाहा. ज्यावर एक जरी आक्षेप आला, ज्याचे क्षेत्र कमी केले, जो परत पाठवला किंवा नाकारण्याची शिफारस झाली, तो कारणांसह लिहा. हे लेखन बैठकीतच, सगळ्यांसमोर वाचून, सह्या घेऊन पूर्ण करा. चार दिवसांनी आठवून लिहिलेल्या नोंदीत आक्षेप कोणी घेतला हेच आधी पुसट होते. वेळ खरेच कमी असेल तर पुराव्याचे वर्णन आटोपते घ्या, पण आक्षेप, त्यावर समितीचे मत, जबाबदार पद आणि दोन्ही तारखा यांतले काही गाळू नका. बाकीचे दावे आणि सगळ्याच दाव्यांच्या तारखा एका पानाच्या तक्त्यात घालून तो शेवटी जोडा, आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणून तोच तक्ता समोर ठेवा: १३ जानेवारीची पोच आली का, २७ ला कोण हजर होते.