नको ते फोन बंद, घरचे फोन कानाने ओळखता येणारे: काही महिन्यांच्या वापरानंतर

गूगलचे फोन आणि मेसेजेस ॲप असलेला, दोन सिमचा साधा अँड्रॉइड हँडसेट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. निकाल आधीच सांगतो: जाहिरातींचे फोन आणि एसएमएस बऱ्यापैकी आटोक्यात येतात, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येणारे पूर्ण थांबत नाहीत. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो घरच्यांना दिलेल्या वेगळ्या रिंगटोनचा.

बहुतेक जण आलेला एकेक नंबर ब्लॉक करत बसतात. त्याने हाती फारसे लागत नाही, कारण तोच माणूस उद्या दुसऱ्या नंबरवरून बोलतो आणि तुमची यादी फक्त तुमच्या हँडसेटपुरती असते. त्यामुळे सुरुवात नेटवर्कपासून करायची. १९०९ या नंबरवर एसएमएस पाठवायचा:

```
START 0
```

पाठवतो आहोत ‘स्टार्ट’ आणि होते बंद, हे थोडे उलटे वाटते; पण इथे सुरू होते ती जाहिरातींवरची बंदी, म्हणजेच डीएनडी. कंपनीकडून नोंदणीचा एसएमएस येतो, तो जपून ठेवावा. दोन सिम असतील तर दोन्हींवरून वेगवेगळा एसएमएस पाठवावा लागतो, कारण नोंद नंबरची होते, फोनची नाही. ‘डीएनडी करूनही फोन येतात’ अशी तक्रार असते तिथे अनेकदा दुसरे सिम तसेच राहिलेले असते. तेच काम दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी ॲपमधूनही होते, आणि काही प्रकार चालू ठेवून बाकीचे बंद करायचे असतील तर ॲपच सोयीचे.

ओटीपी, बँकेचे व्यवहाराचे मेसेज, गॅस सिलिंडरचे मेसेज या बंदीत अडकत नाहीत. अडकते ती जाहिरात. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येते, ते बघायची सवय लावून घ्या. समजा नाव असे दिसते:

```
VM-ABCDEF-P
```

पहिल्या दोन अक्षरांतून कोणती मोबाइल कंपनी आणि कोणते सर्कल हे कळते, मधले नाव पाठवणाऱ्याचे, आणि शेवटचे P म्हणजे जाहिरात. S म्हणजे सेवेचा मेसेज, T म्हणजे व्यवहाराचा, G म्हणजे सरकारी. पूर्ण बंदी लागू झाल्यावरही P वाला मेसेज आला तर दोन शक्यता असतात. एक तर कुठल्यातरी दुकानाच्या बिलावर किंवा फॉर्मवर तुम्ही संमती देऊन बसला आहात, आणि अशी संमती डीएनडीच्या वर चालते. नाहीतर पाठवणारा नियम मोडतो आहे. दुसऱ्या बाबतीत सात दिवसांच्या आत तक्रार करायची. ॲपमधून केली की नंबर आणि तारीख आपोआप भरली जाते. एसएमएसने करायची तर थोडक्यात विषय, नंबर आणि तारीख, मध्ये स्वल्पविराम देऊन १९०९ वर पाठवायची:

```
Loan offer call, 140XXXXXXX, 05/08/25
```

१४० ने सुरू होणारे नंबर नोंदणीकृत टेलिमार्केटिंगचे असतात आणि १६०० ने सुरू होणारे बँका वगैरेंच्या सेवेच्या फोनसाठी असतात, त्यामुळे १६०० डोळे मिटून ब्लॉक करू नका. साध्या मोबाइल नंबरवरून प्लॉट विकणाऱ्याला डीएनडीची यादी आपणहून अडवत नाही. तिथे तक्रारच कामाला येते, कारण पुरेशा तक्रारी जमल्या की त्या नंबरवर कारवाई होते. केवायसी बंद पडेल, पोलिसांत केस आहे, अशा धमकीचे फोन हा वेगळा प्रकार. ते सरकारच्या संचारसाथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’वर नोंदवायचे, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन लावायचा.

आता हँडसेट. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये Caller ID & spam उघडलेत की दोन बटणे दिसतात. ओळख दाखवणारे चालू ठेवायला काहीच हरकत नाही. दुसरे, Filter spam calls, चालू केले की संशयित फोन वाजतच नाही आणि मिस्ड कॉलची सूचनाही येत नाही; फक्त कॉल हिस्टरीत तो राहतो. गडबड इथेच होते. कुरिअरवाला दिवसभरात ढीगभर लोकांना फोन करतो, त्यातल्या काहींनी त्याचा नंबर स्पॅम म्हणून नोंदवलेला असतो, आणि पार्सल दारातून परत जाते. पार्सल यायचे असेल किंवा दवाखान्यातून रिपोर्टचा फोन यायचा असेल, त्या दिवशी हे बटण बंद ठेवावे, नाहीतर संध्याकाळी हिस्टरी एकदा चाळावी.

Blocked numbers मध्ये Unknown नावाचे बटण असते. ते सेव्ह न केलेले नंबर अडवते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते फक्त नंबर लपवून येणारे फोन अडवते. ते खुशाल चालू करा.

रिंगटोनकडे वळू. कॉन्टॅक्ट उघडून तीन ठिपक्यांत Set ringtone. एवढेच. पण आधी कॉन्टॅक्ट कुठे सेव्ह आहे ते बघा. सिमवर असेल तर त्याला वेगळी रिंगटोन लागत नाही. तो गूगल खात्यात किंवा फोनमध्ये हलवावा लागतो. ‘आई’ आणि ‘आई नवीन’ अशा दोन नोंदींत एकच नंबर असेल तर दिलेली रिंगटोन कधी वाजेल, कधी नाही. आधी दोन्ही नोंदी मर्ज करा.

रिंगटोन निवडताना गाण्याचा सुंदर आलाप उपयोगाचा नाही. आपल्याकडे मोबाइल उचलला नाही तर साधारण ३० सेकंद वाजतो, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी चालू असताना ओळख पहिल्या दोन-तीन सेकंदांत पटली पाहिजे. छोट्या स्पीकरवर तबला-ढोलकीचा खालचा ठेका हरवतो. बासरी, सनई, घंटा स्पष्ट ऐकू येते. वयस्कर माणसांसाठी सर्वांत चांगले म्हणजे रेकॉर्डरवर घरच्याच आवाजात ‘ताईचा फोन आलाय, ताईचा फोन’ असे रेकॉर्ड करून ती फाइल Ringtones या फोल्डरमध्ये टाकणे. फाइल नंतर जागा करण्याच्या नादात डिलीट झाली तर फोन गुपचूप नेहमीच्या रिंगवर जातो. चार-पाच जणांपेक्षा जास्त लोकांना वेगळी रिंग देऊ नका, लक्षात राहत नाही.

रात्रीसाठी याच लोकांना कॉन्टॅक्टमध्ये तारा द्या आणि हँडसेटच्या सेटिंगमधल्या Do Not Disturb मध्ये, जे वरच्या डीएनडीहून वेगळे आहे, फक्त तारांकितांचे फोन चालू ठेवा. मात्र रिंगचा आवाजच शून्यावर असेल किंवा फोन व्हायब्रेटवर असेल तर तारा काही करू शकत नाही. आवाज वर ठेवून मगच Do Not Disturb लावायचे.

व्हॉट्सॲपचा फोन या सगळ्याच्या बाहेर आहे. परदेशातली मुलं त्यावरूनच बोलतात, म्हणून त्या चॅटमध्ये नावावर टॅप करून नोटिफिकेशनमध्ये कॉलची रिंगटोन पुन्हा वेगळी निवडावी लागते. आणि हँडसेट बदलला की नंबर गूगल खात्यातून येतात, रिंगटोन येत नाहीत. रेकॉर्ड केलेल्या फाइल्स ड्राइव्हवर ठेवल्या असतील तर पुन्हा लावणे दहा मिनिटांचे काम आहे.